फेब्रुवारीचे १,९२६ रुपये

मागे इथे आपल्यापैकी काहींनी पहिल्या पगाराच्या आठवणी लिहिल्या होत्या. तेव्हाच मनात आलं होतं की पहिल्या पगाराचं सगळेच लिहितात, पण चुकून कापल्या गेलेल्या पगाराचं कोणी लिहीत नाही. आज ते लिहितो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

माझा जन्म निपाणीचा, बी.कॉम. बेळगावात केलं. त्या काळी पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची मिळायची. नंतर बँकेत लागलो, क्लार्क म्हणून शिरलो आणि ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. नोकरीतली बरीच वर्षं पगारपत्रकं करण्यात आणि तपासण्यात गेली. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण आकड्यांचा रकाना दिसला की बोट आपोआप खालून वर बेरीज करत जातं. ही खोड काही जायची नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे १ मार्च २०२५ ला, शनिवारी संध्याकाळी माझा नातू, मुलीचा मुलगा, घरी आला. चेहरा पडलेला. म्हणाला, "आजोबा, पगार कमी आलाय. खरं का ते कळंना." आमच्याकडे 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगून ठेवतो.

पोरगा एका खाजगी कंपनीत आहे. मुख्य ऑफिस कोल्हापूरला. दोन वर्षं तो कागलच्या युनिटमध्ये होता, रोज निपाणीहून जा-ये करायचा. १ फेब्रुवारीपासून त्याची बदली निपाणीच्या डेपोत झाली. घराजवळ आलो म्हणून खूश होता. पगार तोच राहिला, ठिकाण तेवढं बदललं. आता कागल ते निपाणी म्हणजे काय, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की झालं. आपल्याला रस्त्यात काही फरक जाणवत नाही, पण हिशेबाच्या दृष्टीनं माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. सगळा घोळ तिथंच होता, पण ते नंतर कळलं.

मी विचारलं, "विचारलंस का ऑफिसात?"

तर त्यानं मोबाईल दाखवला. एचआरच्या बाईंना व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "मॅडम, सॅलरी कमी आलीय, प्लीज चेक." त्यांचं उत्तर, "ओके, चेक करते." बस्स.

मी म्हटलं, "आता त्या काय चेक करणार? तुझ्यासारखे शंभर-दोनशे लोक त्यांच्या यादीत असतील. कुठल्या महिन्याचा, किती कमी, कशामुळे, यातलं काहीच तू सांगितलं नाहीस. डॉक्टरकडे जाऊन 'बरं नाही' एवढंच म्हटल्यासारखं झालं हे."

"जास्त विचारलं तर वाईट दिसतंय आजोबा. बदली आत्ताच मागून घेतलीय."

हे वाक्य ऐकलं आणि मला माझी जुनी गोष्ट आठवली. ती आधी सांगतो.

बँकेत लागून मला तीन-चार वर्षं झाली होती. दिवाळीला सण-उचल मिळायची. मी अडीचशे रुपये घेतले होते, पंचवीस रुपयांप्रमाणे दहा महिन्यांत फिटायचे. दहा हप्ते संपले. अकराव्या महिन्यात पाकीट उघडलं तर पंचवीस रुपये पुन्हा कापलेले. मला कळलं होतं. मी स्वतः कॉमर्सचा, मला कळणार नाही तर कोणाला? पण पगारपत्रक करणारे हेडक्लार्क वयानं मोठे, तापट. वाटलं, पुढच्या महिन्यात आपोआप थांबेल. बाराव्या महिन्यात परत कापले. तेव्हाही गप्प बसलो.

तेराव्या महिन्यात शेवटी हिय्या केला आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी रजिस्टर काढलं, मागची पानं उलटली आणि डोक्याला हात लावला. त्या काळात पगारपत्रक हातानं लिहायचं. मागच्या महिन्याचं पान समोर ठेवून पुढच्या महिन्याचं उतरवायचं. सण-उचलीचा रकाना तसाच उतरत गेला होता. माझ्या एकट्याचा नाही, त्या दिवाळीला उचल घेतलेल्या पाचही जणांचा. त्यात आमचा शिपाई होता. त्याला सही करण्यापुरतं लिहिता येत होतं. पाकिटात जे येईल ते मोजून तो घरी नेत होता, आणि तीन महिने त्याच्या घरी तेवढे रुपये कमी जात होते.

हेडक्लार्क मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पहिल्याच महिन्यात आला असतास तर एक ओळ खोडावी लागली असती. आता पंधरा नोंदी उलट्या कराव्या लागणार." पैसे सगळ्यांना परत मिळाले. शिपायानं मला हात जोडले तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं, कारण दोन महिने मला माहीत असून मी बोललो नव्हतो. ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी नातवाला पहिल्यांदा सांगितली.

मग म्हटलं, "आण तुझ्या दोन्ही पे स्लिपा. जानेवारीची आणि फेब्रुवारीची. एकटीवरून काही कळत नसतं, शेजारी शेजारी ठेवल्या की चूक आपण होऊन बोलते."

प्रिंट काढून आणल्या. जानेवारीची अशी होती. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १६,०००, घरभाडे भत्ता ४,०००, इतर भत्ते ३,०००. एकूण २३,०००. कपात दोनच. प्रॉव्हिडंट फंड १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात २१,०००.

फंडाचे १,८०० कसे, हे त्याला माहीत नव्हतं. बऱ्याच जणांना नसतं. कायद्यानं फंडाची वर्गणी बारा टक्के, आणि पुष्कळ कंपन्या ती १५,००० रुपयांच्या मर्यादेवर धरतात. पंधरा हजाराचे बारा टक्के म्हणजे १,८००. म्हणून मूळ पगार सोळा हजार असला तरी कपात १,८०० च.

आता फेब्रुवारीची. एकूण कमाईच्या जागी २३,००० ऐवजी २१,३५७. फंड १,७८३. प्रोफेशनल टॅक्स ३००. हातात १९,२७४.

मी त्याला म्हटलं, "तीन आकडे बदललेत. एकेक घेऊ."

पहिला आकडा कमाईचा. २३,००० आणि २१,३५७ मध्ये फरक १,६४३ चा. स्लिपेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, बिनपगारी दिवस २. मग पडताळा केला. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा. २३,००० ला २८ नं भागलं की एका दिवसाचे ८२१ रुपये ४३ पैसे. दोन दिवसांचे १,६४२ रुपये ८६ पैसे, म्हणजे १,६४३. जुळलं. हा पडताळा महत्त्वाचा आहे, कारण काही ठिकाणी तीस दिवसांनी भागतात, काही ठिकाणी सव्वीसनी. तीसनं भागलं असतं तर १,५३३ आले असते, सव्वीसनं १,७६९. कंपनी कशानं भागते हे न बघता आपण आपल्या मनानं रक्कम मागितली की ती चुकते, आणि मग आपलंच पत्र बाजूला पडतं.

"दोन दिवस कुठले?" मी विचारलं.

"१३ आणि १४ फेब्रुवारी. मावसबहिणीचं लग्न नव्हतं काय? खरं मी रजा टाकली होती. माझ्या सहा रजा शिल्लक हैत. डेपोच्या साहेबांनी तोंडी हो म्हटलं, कागदावर सही पण दिली."

"मोबाईलवर टाकलेल्या रजेचं काय झालं?"

त्यानं ॲप उघडून पाहिलं. रजेचा अर्ज अजून मंजुरीसाठी पडून होता. आणि मंजुरी कोणाकडे? कागलच्या साहेबांकडे! त्या साहेबांच्या दृष्टीनं हा माणूस आता त्यांचा नाही, त्यामुळे त्यांनी अर्ज उघडलाच नव्हता.

दुसरा आकडा फंडाचा. १,८०० चे १,७८३ का झाले? कारण दोन दिवस कापले की मूळ पगारही त्या प्रमाणात कमी होतो. १६,००० चे छब्बीस अठ्ठावीसांश म्हणजे १४,८५७. हे पंधरा हजारांच्या खाली गेलं, म्हणून त्याचे बारा टक्के १,७८३ आले. सतरा रुपयांचा फरक. नातू म्हणाला, "हे तर चांगलंच झालं, सतरा रुपये कमी कापले."

मी म्हटलं, "बाळा, ते सतरा रुपये तुझ्याच खात्यात जायचे होते. शिवाय कंपनीही आपल्या बाजूनं तेवढेच भरते, तेही सतरा कमी गेले. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फंडाला दरमहा जी यादी जाते त्यात बिनपगारी दिवसांचा एक रकाना असतो. त्यात तुझ्या नावापुढे दोन लागले. पेन्शनसाठी सेवा मोजताना असे दिवस वजा होतात. दोन दिवसांनी काही बुडत नाही, पण तू तर रजेवर होतास, गैरहजर नव्हतास. मग ते तिथं का असावेत?"

तिसरा आकडा मला सगळ्यात जास्त खटकला. प्रोफेशनल टॅक्स २०० चा ३०० कसा झाला? नातवाला वाटलं, सरकारनं वाढवला असेल.

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण सीमाभागातल्या पुष्कळ पोरांच्या उपयोगाचं आहे. हा कर राज्य सरकारचा. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानं त्याला वर्षाची मर्यादा घालून दिली आहे. पूर्वी ती अडीचशे रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली. आता दरमहा २०० घेतले तर वर्षाचे २,४०० होतात, शंभर उरतात. ते शंभर महाराष्ट्र फेब्रुवारीत वसूल करतं. म्हणून महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुष नोकरदाराचे अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. कर्नाटकात त्या वेळी फेब्रुवारीला वेगळा दर नव्हता, सरसकट २०० होते. एप्रिल २०२५ पासून कर्नाटकानंही फेब्रुवारीत ३०० चा नियम आणला, पण आपली गोष्ट त्याच्या आधीची. आणि मुख्य म्हणजे एप्रिल २०२३ पासून कर्नाटकात २५,००० रुपयांच्या आत पगार असेल तर हा कर लागतच नाही.

म्हणजे निपाणीत काम करणाऱ्या, तेवीस हजार पगाराच्या माणसाचा फेब्रुवारीचा प्रोफेशनल टॅक्स शून्य असायला हवा होता. त्याच्या स्लिपेवरचा ३०० हा आकडा सरळ सांगत होता की कोल्हापूरच्या कॉम्प्युटरच्या मते हा अजून महाराष्ट्रातच आहे.

मी स्लिपेच्या डोक्याकडे बोट नेलं. नाव, कर्मचारी क्रमांक, बँक खातं, आणि चौथ्या ओळीत, 'कामाचे ठिकाण : कागल'.

झालं. दोन वेगळ्या चुका नव्हत्याच. बदलीचा हुकूम निघाला, पोरगा हजर झाला, पण मुख्य नोंदीत ठिकाण बदलायचं राहिलं. त्यामुळे रजा गेली कागलच्या साहेबांकडे, आणि कर गेला महाराष्ट्राला. पूर्वी आमच्याकडे मागचं पान बघून पुढचं पान उतरवत होते, आता तेच काम कॉम्प्युटर करतो. चूक तीच.

नातू उठून उभा राहिला. "उद्याच फोन लावतो मॅडमना. दोनदा लुटलंय म्हणून सांगतो."

"बस खाली," मी म्हटलं. "कोणी लुटलेलं नाही. आणि फोन करायचा नाही, लिहायचं. फोनवर सांगितलेला आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही. रविवारी शांतपणे लिही, सोमवारी सकाळी ई-मेल जाऊ दे. मार्चचा पगार साधारण वीस-बावीस तारखेला बंद होतो, त्याच्या आधी त्यांच्या हातात पडलं पाहिजे. शिवाय फंडाचा भरणा पंधरा तारखेपर्यंत करायचा असतो. त्याच्या आत त्यांनी दुरुस्त केलं तर त्यांचंही काम सोपं होईल."

आता मागायचे किती? नातवानं पटकन सांगितलं, "१,६४३ आणि ३००, एकूण १,९४३." मी म्हटलं, इथंच चुकतात माणसं. कमाई पूर्ण झाली की फंडही पूर्ण कापला जाणार, म्हणजे सतरा रुपये वजा. बरोबर हातात यायला हवे होते २३,००० वजा १,८००, म्हणजे २१,२००. आले १९,२७४. फरक १,९२६. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं की समजायचं हिशेब बरोबर. आणि आपल्या अंगावर येणारे सतरा रुपये आपणच आधी लिहून दिले, की वाचणाऱ्याला कळतं हा माणूस भांडायला आलेला नाही, हिशेब घेऊन आलाय.

दोघांनी मिळून पत्र लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत देतो. विषयाच्या ओळीत त्याचा कर्मचारी क्रमांक होता, तो इथे देत नाही.

"विषय : फेब्रुवारी २०२५ च्या पगारातील कपातीची दुरुस्ती

महोदया,

माझी बदली १ फेब्रुवारी २०२५ पासून कागलहून निपाणी डेपोत झाली आहे. फेब्रुवारीच्या पे स्लिपवर कामाचे ठिकाण अद्याप कागल दाखवले आहे. त्यामुळे पुढील दोन नोंदी चुकल्या आहेत असे वाटते.

१. दिनांक १३ व १४ फेब्रुवारी हे दोन दिवस बिनपगारी धरून १,६४३ रुपये कमी झाले. या दिवसांची रजा निपाणी डेपो प्रमुखांनी मंजूर केली आहे. ॲपवरील अर्ज कागल युनिटकडे प्रलंबित आहे. माझ्या खात्यावर सहा रजा शिल्लक आहेत.

२. प्रोफेशनल टॅक्स ३०० रुपये महाराष्ट्राच्या दराने कापला आहे. निपाणी कर्नाटकात असून तेथे २५,००० रुपयांपेक्षा कमी पगारावर हा कर लागू नाही.

दुरुस्तीनंतर : कमाई २३,०००, प्रॉव्हिडंट फंड १,८००, प्रोफेशनल टॅक्स शून्य, निव्वळ २१,२००. प्रत्यक्ष जमा १९,२७४. मार्चच्या पगारात अपेक्षित समायोजन : १,६४३ अधिक ३०० वजा फंडाचे १७, म्हणजे १,९२६ रुपये.

रजा मंजूर धरल्यावर फंडाच्या विवरणातील दोन बिनपगारी दिवसही काढावेत, आणि मुख्य नोंदीत ठिकाण निपाणी करावे, म्हणजे मार्चमध्ये हे पुन्हा होणार नाही.

सोबत : जानेवारी व फेब्रुवारीच्या पे स्लिप, बदलीचा हुकूम, सही असलेला रजेचा अर्ज.

माझ्या समजुतीत काही चूक असल्यास कृपया कळवावे."

शेवटची ओळ नातवाला आवडली नव्हती. "आपलं बरोबर असताना असं का लिहायचं?" मी म्हटलं, "कदाचित कंपनीचा रजेचा काही नियम तुला माहीत नसेल. आणि समोरच्याला मागं यायला एक पायरी ठेवावी. पायरी नसली की माणूस आहे तिथंच अडून बसतो."

पत्रात कायद्याचं नाव मुद्दाम घातलं नाही. नातवाला मात्र सांगून ठेवलं की १९३६ चा वेतन प्रदान कायदा आहे, चोवीस हजारांपर्यंतच्या पगाराला तो लागू आहे, त्यात कुठल्या कपाती चालतात त्याची यादी सातव्या कलमात आहे आणि चुकीच्या कपातीबद्दल बारा महिन्यांच्या आत दाद मागता येते. पहिल्याच पत्रात ते लिहिलं असतं तर पत्र पगाराच्या टेबलावरून उठून वकिलाच्या टेबलावर गेलं असतं. ते शेवटचं हत्यार. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या वेतन संहितेनं घेतली आहे, तेव्हा आज कोणाला गरज पडली तर नव्या संहितेप्रमाणे बघावं.

दोन दिवसांत उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की ठिकाण बदललं आहे, रजा नियमित केली आहे, मार्चमध्ये फरक मिळेल. नातवानं मला फोन केला तेव्हा आवाज वेगळा होता. "आजोबा, मॅडमनी 'डिटेल्सबद्दल थँक्यू' असं लिहिलंय!"

मार्चअखेर स्लिप आली. मी पुन्हा चष्मा लावला. थकीत कमाई १,६४३ जमा. फंड १,८१७, म्हणजे मार्चचे १,८०० आणि मागचे १७. प्रोफेशनल टॅक्स शून्य. निव्वळ २२,८२६.

नातू खूश. पण यायला हवे होते २१,२०० अधिक १,९२६, म्हणजे २३,१२६. बरोबर ३०० कमी. कराचे पैसे परत आलेच नव्हते.

विचारल्यावर उत्तर आलं की फेब्रुवारीचा कर सरकारजमा झाला आहे, परत देता येणार नाही. इथं पुष्कळ लोक थांबतात. तीनशे रुपयांसाठी कुठं भांडायचं! मी म्हटलं, भांडायचं नाहीच, चार ओळी लिहायच्या. लिहिलं की, मार्चचा फरक मिळाला, आभारी आहे. ३०० रुपये बाकी आहेत. हा कर निपाणीच्या नोकरीवर माझ्याकडून देय नव्हता, म्हणून तो माझ्या पगारातून कापला जायला नको होता. सरकारकडे भरलेल्या रकमेचं समायोजन कंपनी आपल्या विवरणात करू शकेल, माझी रक्कम मात्र एप्रिलच्या पगारात जमा व्हावी.

एप्रिलच्या स्लिपेवर 'इतर जमा ३००' अशी ओळ आली. निव्वळ २१,५००. मी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि दोन्ही स्लिपा टाचून त्याला फाईलला लावायला दिल्या. फंडाचं पासबुक मोबाईलवर उघडून तेही बघितलं, सतरा रुपये जमा झाले होते.

पण मी हे सगळं लिहायला बसलो ते या १,९२६ रुपयांसाठी नाही.

मे महिन्यात एकदा नातू संध्याकाळी आला आणि म्हणाला, "आजोबा, एक सांगायचं ऱ्हायलं. माझ्याबरोबर आणखी तिघांची बदली झाली होती कागलहून. माझं पत्र गेल्यावर मॅडमनी सगळ्यांच्या नोंदी काढून बघितल्या. तिघांचेही तीनशे कापले होते. त्यातला एक आमचा ड्रायव्हर. त्याला पे स्लिप बघायची माहितीच नव्हती, कधी उघडलीच नव्हती त्यानं. काल तीनशे आल्याचं त्यानं मला दाखवलं. कशाचे आले म्हणून विचारत होता."

मी काही बोललो नाही. आमचा तो शिपाई आठवला. त्याला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्याचे पंचाहत्तर रुपये त्याला मिळाले, पण तीन महिने उशिरा मिळाले, आणि त्यातले दोन महिने माझे होते.

नातवाला विचारलं, "मग तू काय सांगितलंस ड्रायव्हरला?"

"स्लिप कशी उघडायची ते दाखवलं. आणि वरची चौथी ओळ वाचायला सांगितलं."

असो. आपल्यापैकी किती जणांनी हातानं पगारपत्रकं लिहिली आहेत, आणि त्यात कोणाची काय चूक सापडली होती, ते खाली जरूर लिहा. आणि घरातल्या पोरांची बदली सीमेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला झाली असेल, तर पहिल्या महिन्याची स्लिप एकदा मागून बघा.